आजीचा फोटो जलरंगात करायचाय: डिनॉइझिंग किती ठेवलं तर चेहरा आजीचाच राहील?

सुखदा_सातारा

आजीचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी सगळ्या चुलत-मावस भावंडांना तिचं एक जलरंगातलं चित्र छापून द्यायचं मनात आहे. घरात तिचा एकच धड फोटो आहे. १९७८ साली स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल, गुडघ्यापर्यंतचा. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर आडवी चिरी. स्कॅन १६०० × २००० पिक्सेलचा आहे.

फोटोवरून चित्र करायला ऑटोमॅटिक११११ हा प्रोग्राम वापरतेय. स्टेबल डिफ्यूजन १.५ वर बेतलेला एक जलरंगाचा चेकपॉइंट आहे, मोजमाप ५१२ × ६४०, सॅम्पलर DPM++ 2M Karras, ३० स्टेप्स, सीएफजी ७. सीड कायम ठेवून फक्त डिनॉइझिंगचा आकडा बदलत गेले, तेव्हा इतकं दिसलं:

०.३५ ला फोटो जवळजवळ आहे तसाच, फक्त थोडा खरबरीत. ०.५ ला रंगाचे फटकारे यायला लागतात, पण चित्र राखाडीच राहतं. ०.६५ ला चित्र अप्रतिम येतं. पदराचा ओघळ, कागदाचा पोत, सगळं हवं तसं. पण बाई दुसरीच! तिशीची, सरळ नाकाची, नथ गायब, चिरीची गोल टिकली झालेली. आत्याला दाखवलं तर ती म्हणाली, "चित्र छान आहे, पण ही आई नाही."

०.५ ते ०.६५ च्या मधले सगळे आकडे दोन-दोन शतांशांनी करून पाहिले. राखाडी संपायच्या आधीच चेहरा जातो. नेमका कुठला आकडा धरू?

मंदार७१

पोर्ट्रेटला मी डोळे झाकून ०.४५ ठेवतो. सरळ हिशोब आहे, ०.४५ म्हणजे ५५ टक्के मूळ फोटो आणि ४५ टक्के नवीन. अर्ध्याहून जास्त मूळ राहिलं की चेहरा राहतो. तुमचा चेकपॉइंट कमजोर असेल, दुसरा घेऊन बघा.

विलास_कुलकर्णी_काका

सुखदा, जुन्या फोटोवरचे कण काढायला इतक्या वर जायची गरजच नाही. मी आमच्या वडिलांचे फोटो स्वच्छ केले तेव्हा मीडियन फिल्टर २ पिक्सेलवर चालवला, ओरखडे क्लोन टूलने भरले. डिनॉइझ जास्त केलं की चेहरा मेणासारखा गुळगुळीत होणारच.

सुखदा_सातारा

काका, हे डिनॉइझ वेगळं आहे. इथे प्रोग्राम आधी स्वतःच फोटोवर कण टाकतो आणि मग ते काढता काढता चित्र नव्याने काढतो. किती कण टाकायचे, तो हा आकडा. पण स्कॅनवरचे ओरखडे आधी भरून घ्यायचं तुमचं म्हणणं पटलं, ते करते. एक ओरखडा गालावरूनच गेलाय आणि प्रत्येक वेळी त्याची बट होते.

रेषा_आणि_राळ

सुखदा, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यातच उत्तर आहे. राखाडी जायला जितकं वर जावं लागतं, त्याच्या आधीच चेहरा गेलेला असतो. म्हणजे तुम्हाला हवा असलेला आकडा या फोटोसाठी, या मापावर, नाहीच. शोधत बसू नका.

मंदार, टक्क्यांचा हिशोब तसा लागत नाही. दोन फोटो एकावर एक विरळ करून ठेवावेत तसं हे मिश्रण नाही. कण टाकले की आधी बारीक गोष्टी बुडतात, मोठ्या गोष्टी वर दिसत राहतात. धुक्यात पापण्या दिसत नाहीत, पण माणूस उभा आहे आणि उजेड डावीकडून येतोय हे कळतं, तसं. आकडा वाढवला की धुकं दाट होतं आणि बुडणाऱ्या गोष्टींचं माप मोठं होत जातं. जे बुडालं ते मॉडेल आपल्या मनाने काढतं, जे तरंगतंय त्याला धरून राहतं. त्यामुळे हा आकडा खरं तर 'केवढ्या मापापर्यंतच्या गोष्टी नव्याने काढायच्या' हे सांगतो.

आता तुमच्या चित्रात काय काय केवढं आहे ते पाहा. राखाडीपणा ही सगळ्यात मोठी गोष्ट, अख्ख्या चित्रभर पसरलेली. ती शेवटपर्यंत तरंगते. कागदाचा पोत आणि फटकारे बारीक, ते ०.३५-०.४ लाच बदलायला लागतात. आणि चेहरा? स्कॅनमध्ये तो हनुवटीपासून केसांपर्यंत साधारण ३०० पिक्सेल असेल असं वर्णनावरून धरतो. ५१२ × ६४० केलं की तो ९६ पिक्सेल उरतो. मॉडेल पिक्सेलवर कामच करत नाही. ८ × ८ पिक्सेलचं एक घर, असा जो छोटा नकाशा बनतो, त्यावर करतं. म्हणजे आजींचा चेहरा १२ घरं उंच आणि जेमतेम ९ घरं रुंद. एक डोळा दोन घरांहून कमी. नथ एका घरात कशीबशी. इतकी बारीक गोष्ट थोड्याशा धुक्यातही बुडते.

पुढचा आकडा लावण्याआधी एक तपासणी करा. स्ट्रेंग्थ, म्हणजे हाच डिनॉइझिंगचा आकडा, ०.०५ ठेवून चालवा. इतक्या कमीवर काहीच बदलायला नको. तरी डोळे फिसकटलेले दिसले तर दोष स्ट्रेंग्थचा नाहीच, नुसतं त्या घरांच्या नकाशात जाऊन परत येण्यातच चेहरा खराब होतोय. लहान चेहऱ्याला १.५ मध्ये हे हमखास होतं.

सुखदा_सातारा

केलं. ०.०५ ला उजवा डोळा किंचित तिरळा आणि नथीच्या जागी पांढरा ठिपका! आणि मी तीन दिवस आकडे बदलत होते. चेहरा स्कॅनमध्ये मोजला, ३०५ पिक्सेल आहे.

रेषा_आणि_राळ

मग दोन कामं वेगळी करू. ०.६५ चं चित्र तुम्हाला आवडलंय ना? साडी, हात, पार्श्वभूमी यांसाठी ते ठेवा. तिथे ओळखीचा प्रश्न नाही. चेहरा वेगळा करायचा.

ते चित्र स्कॅनच्या मापाला मोठं करा. गिंपमध्ये ते खाली, मूळ स्कॅन वरच्या लेयरवर. वरच्या लेयरचा मोड Luminance करा आणि मास्क लावून फक्त चेहरा उघडा ठेवा, कडा मऊ. आता उजेड-सावली, म्हणजे नाक-डोळे-सुरकुत्या, आजींच्या खऱ्या फोटोतून येतील आणि रंग खालच्या जलरंगातून. जागा जुळवायला त्रास पडणार नाही, कारण डोकं कुठे आहे, केवढं आहे, या मोठ्या गोष्टी ०.६५ लाही हलत नाहीत. यामुळे सगळ्यात मोठं काम, राखाडी घालवणं, धुकं न घालताच झालं. म्हणून आता स्ट्रेंग्थ कमी ठेवता येते.

मग इन्पेंटमध्ये चेहऱ्यावर मास्क, Inpaint area ला Only masked, माप ७६८ × ७६८, Masked content ला original. Only masked मुळे तेवढाच तुकडा कापून मोठा करून घेतला जातो. खांद्यापर्यंत साधारण ८०० पिक्सेलचा तुकडा आला तर चेहरा ३६ घरं उंच होईल, डोळा पाच घरांचा. तीच स्ट्रेंग्थ, पण आता डोळा धुक्यात दिसतो. ०.३० पासून ०.५० पर्यंत चालवून बघा. X/Y/Z plot मध्ये Denoising निवडून असं लिहा:

```
0.30-0.50 (+0.04)
```

आणि तुमचा प्रॉम्प्ट इथे टाका, मला शंका आहे.

सुखदा_सातारा

```
beautiful watercolor portrait of indian woman, saree, delicate features, masterpiece
```

रेषा_आणि_राळ

हेच. बुडालेला भाग मॉडेल या शब्दांवरून भरतं. beautiful आणि delicate म्हटलं की त्याच्या लेखी तरुण, गुळगुळीत, सममित चेहरा. आजींचं नाक सरळ झालं ते इथून. जे फोटोत आहे तेच सांगा:

```
watercolor portrait of a 70 year old indian woman, wrinkled face, gold nose ring, loose washes, paper texture
Negative prompt: young, smooth skin, makeup
```

सीएफजीही ७ वरून ५ वर आणा, म्हणजे शब्दांची ओढ थोडी सैल होईल. वय त्या फोटोतलं लिहा.

सुखदा_सातारा

फोटोत ती ६२ ची आहे. तेच लिहिते.

फ्रेमवाले_इचलकरंजी

माझाही प्रश्न इथेच विचारतो. आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे, लग्नाच्या फोटोंची तैलचित्रासारखी प्रिंट करून देतो. भाच्याने डिफ्यूझर्समध्ये स्क्रिप्ट करून दिलीय, लाइटनिंग मॉडेल आहे, ४ स्टेप्समध्ये होतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं त्यामुळे वेग लागतोच. पण ०.५ ठेवा, ०.६ ठेवा, ०.७ ठेवा, चित्रात फरकच दिसत नाही. आणि ०.७५ केलं की एकदम नवरी बदलते. मॉडेल बिघडलंय का?

रेषा_आणि_राळ

बिघडलेलं नाही. स्क्रिप्टच्या पोटात ही ओळ आहे:

```python
init_timestep = min(int(num_inference_steps * strength), num_inference_steps)
```

int अपूर्णांक कापून टाकतो. ४ ला ०.५ ने गुणलं की २, ०.६ ने २.४, ०.७ ने २.८, तिन्हींचे दोनच. ०.७५ ला तीन होतात. तुमच्या हातात प्रत्यक्षात पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण एवढ्याच चार खुंट्या आहेत. ०.२ ठेवलं तर एकही पायरी उरत नाही. ८ स्टेप्सचं लाइटनिंग घ्या, खुंट्या दुप्पट होतील आणि वेळ फार वाढणार नाही. पोर्ट्रेटला मात्र मी साधं मॉडेल आणि ३० स्टेप्सच वापरेन.

फ्रेमवाले_इचलकरंजी

हे समजलं. ८ वालं घेतो. जोडप्याच्या फोटोत दोन चेहरे असतात, तिथे दोन्हीवर वेगळा मास्क का एकत्र?

रेषा_आणि_राळ

वेगवेगळा. एकत्र केला तर कापलेला तुकडा रुंद होतो आणि प्रत्येक चेहरा परत लहान. शिवाय नवरा-नवरी एकमेकांसारखे दिसायला लागतात, कारण प्रॉम्प्ट दोघांना एकच.

मंदार७१

एवढा उपद्व्याप कशाला? कंट्रोलनेटचं लाइनआर्ट लावा, वजन १, आणि ०.८ ला खुशाल चालवा. रेषा बांधलेल्या असतात, चेहरा हलूच शकत नाही. मी माझ्या मुलाचा असाच केला, हुबेहूब आला.

रेषा_आणि_राळ

तुमच्या मुलाचा फोटो जवळून काढलेला असणार. लाइनआर्ट उपयोगाचं आहेच. साडीच्या निऱ्या, हातांची बोटं, चेहऱ्याची बाह्यरेषा त्याने नक्की टिकते, आणि ते लावून पूर्ण चित्राला ०.६५-०.७ पर्यंत जाता येतं. पण ते रेषा धरतं, रेषांमधली सावली नाही. गालाचा उंचवटा, डोळ्याखालची सूज, ओठांच्या कोपऱ्यातली ती किंचित सावली हे कशातच येत नाही. दोघी बहिणींची बाह्यरेषा एकच असू शकते, माणूस ओळखू येतो तो या सावल्यांमधून. आणखी एक, ५१२ वर काढलेल्या लाइनआर्टमध्ये नथ म्हणजे एक गाठ दिसते आणि सुरकुती खोल रेघ होते. वजन १ ठेवलं तर ती रेघ रंगवून काढली जाते आणि माणूस ८५ चा दिसतो. चेहऱ्याच्या तुकड्यावर लावायचंच तर वजन ०.५ च्या आसपास, आणि Ending Control Step ०.६, म्हणजे शेवटच्या पायऱ्यांत मॉडेलला रेषा मऊ करता येतात.

ओंकार_डब्लिन

एक खटकतंय म्हणून लिहितो. इथे सगळे आकडे एकमेकांना देताय, पण ते एकाच सॅम्पलरचे नाहीत. सुखदाताई करास वापरतात. करासमध्ये पायऱ्यांची वाटणी वेगळी असते, कमी कणांच्या बाजूला जास्त पायऱ्या. मी १.५ साठी गणित करून पाहिलं. करासवर ०.५ ला कणांचं प्रमाण, म्हणजे सिग्मा, साधारण १.२७ येतो. साध्या वाटणीवर ०.५ ला तो १.६ असतो. म्हणजे करासचं ०.५ हे साध्याचं ०.४३ झालं. ०.४ ला तफावत आणखी मोठी, ०.६९ विरुद्ध १.१६. ०.६ च्या सुमारास दोन्ही जवळजवळ सारखे होतात आणि त्याच्या वर करास पुढे जातो.

कुणी म्हणालं 'मी ०.४५ ठेवतो' तर आधी विचारा, कशावर?

मी कंफीयूआयवर असतो. तिथे denoise ०.५ आणि २० स्टेप्स म्हटलं की २० च्या २० पायऱ्या चालतात. ऑटोमॅटिकमध्ये मूळ सेटिंगला २० च्या निम्म्या. त्यामुळे ०.३ ला २० स्टेप्स ठेवणाऱ्यांना तिकडे सहा-सातच पायऱ्या मिळतात आणि चित्र धुरकट येतं, मग ते स्ट्रेंग्थ वाढवतात. वाढवायच्या असतात स्टेप्स.

मंदार७१

मी Euler a वर आहे, साध्या वाटणीवर. म्हणजे माझं ०.४५ ताईंच्या ०.५ च्याही थोडं वर गेलं. हे माहीत नव्हतं. टक्क्यांचं माझं म्हणणं मागे घेतो.

सुखदा_सातारा

कळवते काय झालं ते. गालावरचा ओरखडा काकांच्या पद्धतीने भरला, गिंपमध्ये Luminance ने चेहरा बसवला. तो लेयर चढवल्याबरोबरच अंगावर काटा आला, आजीचे डोळे रंगात पहिल्यांदा दिसले.

मग ७६८ वर चेहरा, करास, स्टेप्स ४०. ०.३० ला फोटोच, वर थोडी कागदाची खर. ०.३४ ला गालावर रंग पसरायला लागला. ०.३८ ला जलरंग वाटतो आणि चेहरा तिचाच. ०.४२ ला डाव्या भुवईचा बाक गेला. तिची डावी भुवई जरा वर चढलेली होती, आत्याचीही तशीच आहे. ०.४६ ला दोन्ही भुवया सारख्या झाल्या आणि ओठ भरले. ०.५० ला परत परकी बाई.

०.३८ चं घेतलं. दोन अडचणी आहेत. नथ ०.३८ लाही सोनेरी डाग होते. आणि मान ते खांदा या पट्ट्यात जोड दिसतो, वर बारीक रंगकाम आणि खाली मोकळे फटकारे.

रेषा_आणि_राळ

भुवईचं तुम्ही नेमकं पकडलंत. चेहरा जाताना आधी असममितता जाते. प्रत्येकाने आपल्या माणसाची अशी एक खूण आधीच ठरवून ठेवावी आणि प्लॉटमध्ये फक्त तिच्याकडे पाहावं. अख्खा चेहरा बघत बसलं की दहाव्या चित्रानंतर डोळा सगळंच मान्य करायला लागतो.

नथ स्ट्रेंग्थने मिळणार नाही, सोडून द्या. मोती इवलेसे, घरांच्या नकाशात ते उमटतच नाहीत. मूळ स्कॅनमधली नथ वरून ५०-६० टक्के अपारदर्शकतेने बसवा आणि बारीक ब्रशने दोन पिवळे ठिपके द्या. हाताने पाच मिनिटांचं काम आहे.

जोडासाठी शेवटी अख्ख्या चित्रावर एकदा ०.२ चा हात फिरवा. करासवर ०.२ ला कण अगदी थोडे, पोत तेवढा एकसारखा होतो. पण ५१२ × ६४० वर नाही! मघाचीच गोष्ट परत होईल, डोळा तिरळा. १०२४ × १२८० वर करा. एवढ्या कमी स्ट्रेंग्थला मोठ्या मापावर दोन डोकी वगैरे येत नाहीत. नथ त्यानंतर बसवा, आधी नको.

ओंकार_डब्लिन

०.२ चा हात फिरवायचाच तर मी तो तीनदा फिरवतो. एकदम ०.५ करण्यापेक्षा ०.२-०.२५ च्या तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी नवीन सीड. शैली हळूहळू मुरते आणि चेहरा फारसा सरकत नाही, असा माझा अनुभव आहे.

रेषा_आणि_राळ

माझा उलटा आहे. प्रत्येक फेरीत चित्र त्या घरांच्या नकाशात जाऊन परत येतं आणि दर वेळी थोडं झिजतं. शिवाय दुसऱ्या फेरीला आजींचा फोटो माहीतच नसतो, तिच्यापुढे पहिल्या फेरीचं चित्र असतं. भुवई थोडी उतरली तर ती तिथून आणखी उतरते. एका फेरीत निदान सगळी चूक मूळ फोटोपासून मोजली जाते.

ओंकार_डब्लिन

झीज मान्य. पण जाड तैलरंगात ती दिसत नाही आणि मी बहुतेक तेच करतो. जलरंगात त्वचेचा मोकळा भाग जास्त असतो, तिथे तुमचं खरं असेल. दोन्हीची तुलना एकाच फोटोवर मी केलेली नाही. या शनिवारी करून टाकतो.

फ्रेमवाले_इचलकरंजी

गिऱ्हाईकाला विचारण्याऐवजी चेहरा जुळतो का ते मोजता येतं का? भाचा म्हणतो आर्कफेस म्हणून काही असतं, दोन चेहऱ्यांचा गुण काढून देतं.

रेषा_आणि_राळ

असतं. पण ते फोटोंवर शिकवलेलं आहे. चित्र जितकं चित्रासारखं, तितका गुण पडतो, चेहरा बरोबर असला तरी. त्यामुळे 'अमुक गुणाच्या वर चालेल' अशी रेघ ओढता येत नाही. एकाच शैलीतल्या, एकाच मापाच्या सहा चित्रांत कोणतं जवळचं, एवढ्यापुरतं वापरा. प्लॉटमध्ये गुण हळूहळू उतरत असतो आणि एका ठिकाणी एकदम पडतो. पडण्याच्या आधीचं चित्र उचलून गिऱ्हाईकापुढे ठेवा.

सुखदा_सातारा

१०२४ वर ०.२ ची फेरी झाली, जोड गेला. नथ हाताने बसवली. काल आत्याकडे घेऊन गेले. तिने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आईच आहे. पण लुगड्याचा रंग हिरवा नव्हता गं, अंजिरी होता." काकू म्हणते हिरवाच होता, तिला पक्कं आठवतंय. फोटो कृष्णधवल, विचारायला आता कुणी नाही.

रेषा_आणि_राळ

दोन्ही करा. रंग मोठी गोष्ट आहे, गिंपमध्ये साडीवर मास्क लावून Hue फिरवा. पुन्हा मॉडेलमधून काढायची गरज नाही, चेहऱ्याला हात लागणार नाही.

सुखदा_सातारा

अंजिरी करून पाहिली. आत्याला तीच पाठवतेय, काकूला हिरवी. छापायला ए४ वर देतेय, मॅट कागद.

विलास_कुलकर्णी_काका

छापून आलं की इथे टाक. आणि मूळ स्कॅनची एक प्रत वेगळी जपून ठेव, ओरखडे न भरलेली.